कर्ज फिटलं, तरी दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता कटतोच: चालू खात्यातून चुकीने कटलेली रक्कम परत कशी मिळवायची

मी नागपुरात व्यापाऱ्यांची हिशेबवही लिहितो. इतवारी, मस्कासाथ, गांधीबाग या भागातली बरीच दुकानं माझ्याकडे आहेत. गेल्या काही वर्षांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते: फायनान्स कंपनीचं कर्ज मुदतीआधी फेडून टाकलं, काही बाकी नसल्याचं नो ड्यूज हातात आलं आणि तरीही पुढच्या महिन्यात चालू खात्यातून हप्ता गेला. ओरडा केला की पैसे परत येतात. मग पुढच्या महिन्यात पुन्हा जातात. बँक म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते बँकेला विचारा.

यातलं एक प्रकरण मस्कासाथच्या एका मसाल्याच्या ठोक व्यापाऱ्याचं. सलग चार महिने हप्ता कटला आणि चारही वेळा कारण थोडं थोडं वेगळं होतं. त्यामुळे ते प्रकरण नीट पाहिलं की बाकीच्यांचं बरंचसं उमगतं. बँकेचं आणि कंपनीचं नाव इथे देत नाही. हे कुठल्याही बँकेत होऊ शकतं.

प्रकरण असं. हप्ता १८,६४० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. २१ मार्च २०२५ ला उरलेली सगळी रक्कम भरून कर्ज बंद केलं. २८ मार्चला नो ड्यूज आलं. ५ एप्रिलला हप्ता कटला. शेठजींनी कंपनीला फोन केला. तिकडून उत्तर आलं की हप्त्यांची यादी आधीच बँकेकडे गेली होती. बारा दिवसांत पैसे परत आले. हे खरं असू शकतं. हप्ते उचलण्याची फाइल तारखेच्या काही दिवस आधीच तयार होते, आणि कर्ज त्याच सुमारास बंद केलं तर एखादा हप्ता असा निसटून जातो. एकदा झालं तर सोडून द्या.

५ मेला पुन्हा कटला. ८ मेला शेठजींनी शाखेत अर्ज दिला, "अमुक कर्जाचा हप्ता बंद करावा." शाखेनं शिक्का मारून पोच दिली. कंपनीनं पुन्हा पैसे परत केले. ५ जूनला तिसऱ्यांदा कटला, तेव्हा शेठजी माझ्याकडे आले. "भाऊ, अर्ज देऊन महिना झाला, तरी तेच होऊन राह्यलं. बँकेवर केसच टाकतो मी आता."

केस टाकण्याआधी मी स्टेटमेंट मागितलं.

पहिलं काम: हप्ता कोणत्या परवानगीवर कटला ते शोधा

खात्यातून हप्ता आपोआप जातो तो नॅच या व्यवस्थेतून. ती बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणारी एनपीसीआय ही संस्था चालवते. कर्ज घेताना आपण सही करतो तो मँडेट म्हणजे "या कंपनीला माझ्या खात्यातून इतकी रक्कम उचलू द्या" अशी आपल्या बँकेला दिलेली परवानगी. प्रत्येक मँडेटला वीस अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, त्याला यूएमआरएन म्हणतात. त्याची सुरुवात तुमच्याच बँकेच्या चार इंग्रजी अक्षरांनी होते, म्हणजे आयएफएससीमध्ये सुरुवातीला येतात तीच. बँकेच्या संगणकाला कर्ज क्रमांक समजत नाही, नो ड्यूजही दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की या यूएमआरएनची परवानगी जिवंत आहे, मागणी आली आहे आणि खात्यात पैसे आहेत. मग तो पैसे देऊन मोकळा होतो.

म्हणजे कर्ज फिटणं आणि मँडेट रद्द होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कंपनीच्या वहीत होते, दुसरी बँकेच्या वहीत. नो ड्यूज मिळालं की मँडेट आपोआप मेला, असं बहुतेकांना वाटतं. मलाही कधीकाळी वाटायचं.

स्टेटमेंटमध्ये अशी नोंद साधारण या रूपात दिसते:

```
05-06-2025   ACH D- <COMPANY NAME>-<REF NO>   18,640.00 Dr
```

बँकेप्रमाणे मजकूर थोडा बदलतो. काही बँका यूएमआरएन इथेच छापतात, काही फक्त संदर्भ क्रमांक देतात. क्रमांक दिसला नाही तर शाखेत जाऊन म्हणा, "माझ्या खात्यावर नोंदलेल्या सगळ्या नॅच मँडेटची यादी छापून द्या." एका मँडेटची नाही, सगळ्यांची. काही बँकांच्या नेट बँकिंगमध्येही ही यादी दिसते आणि प्रत्येकापुढे तो चालू आहे की रद्द, तेही लिहिलेलं असतं.

शेठजींच्या खात्यावर एकाच कंपनीचे दोन मँडेट निघाले. कर्ज घेताना त्यांनी कागदी फॉर्मवर सही केली होती. दोन-तीन महिन्यांनी कंपनीच्या माणसानं फोनवरून ऑनलाइन मँडेट करून घेतला होता, म्हणाला कागदाचं काम अडकतं. त्यानंतरचा प्रत्येक हप्ता या दुसऱ्या मँडेटवर गेला होता. पहिला नुसता पडून होता. ८ मेच्या अर्जात यूएमआरएन लिहिलाच नव्हता, फक्त कर्ज क्रमांक होता. शाखेतल्या माणसानं कंपनीचं नाव शोधलं, समोर आलेला पहिला मँडेट रद्द केला आणि फाइल मिटली. चोरानं पुढच्या दारातून येणं केव्हाच सोडलं होतं, आपण कुलूप लावलं ते त्याच दाराला.

त्यामुळे जूनच्या हप्त्यासाठी बँकेवर दावा टिकला नसता. ज्या परवानगीवर पैसे गेले ती आपण रद्द केलीच नव्हती. शेठजींना हे पटायला एक चहा आणि अर्धा तास लागला.

कोणाकडे मागायचं ते ठरवा

इथेच बहुतेकांचा महिना वाया जातो, म्हणून जरा थांबून सांगतो. वरून सारख्याच दिसणाऱ्या, खात्यातून कटलेल्या म्हणजे नावे पडलेल्या या रकमांमध्ये तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा जबाबदार वेगळा.

मँडेट जिवंत आहे पण कर्ज संपलं आहे, अशा वेळी चूक मागणी करणाऱ्या कंपनीची. बँकेनं नियमाप्रमाणेच पैसे दिले. बँकेला अर्ज केला तरी ती फार तर तो पुढे पाठवेल. पैसे कंपनीकडेच मागा: नो ड्यूज, हप्ता कटल्याचं स्टेटमेंट आणि रद्द केलेला चेक एका ईमेलला जोडून तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. एप्रिल, मे आणि जून हे तिन्ही हप्ते या प्रकारात मोडत होते. तिन्ही कंपनीकडूनच परत आले.

तुम्ही मँडेट रद्द केल्याची पोच आहे आणि तरी त्याच मँडेटवर पैसे गेले, तर जबाबदारी तुमच्या बँकेची. इथे रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात, ज्यात अयशस्वी व्यवहारांच्या मुदती आणि भरपाई ठरवली आहे, नॅचखाली हीच परिस्थिती लिहिलेली आहे. ग्राहकानं बँकेकडे मँडेट रद्द केल्यावरही खात्यातून रक्कम गेली, तर ग्राहकाची बँक जबाबदार, निवारण टी+१ दिवसात, त्यापुढे उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई. यात टी म्हणजे व्यवहाराची तारीख, आणि ती कॅलेंडरची तारीख धरायची. म्हणजे ५ तारखेला कटलं तर ६ तारखेपर्यंत परत यायला हवं, मधे रविवार असो की सण. नॅच १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालतं. कटायला रविवार चालतो, तर परत यायला का चालू नये?

तिसरा प्रकार म्हणजे मँडेट तुमचा नाहीच. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, सही केलेली नाही. ही फसवणूक समजून त्याच दिवशी कळवा. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमची नसेल आणि बँकेकडून माहिती मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं तेवढी रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते. चौथ्या दिवसापासून तुमचा वाटा सुरू होतो. त्यामुळे महिनाअखेरीला स्टेटमेंट पाहणाऱ्या दुकानदाराला हा प्रकार सगळ्यात महाग पडतो. पण आपलं प्रकरण हे नव्हतं.

रद्द करण्याचा अर्ज बरोबर कसा द्यायचा

९ जूनला आम्ही दुसरा अर्ज दिला. त्यात दोन्ही यूएमआरएन पूर्ण लिहिले, मे महिन्यात रद्द केलेला आणि जिवंत असलेला. सोबत नो ड्यूजची प्रत. "हप्ता थांबवा" असं लिहिलं नाही. "मँडेट कायमचा रद्द करावा" असं लिहिलं, कारण या दोन गोष्टी बँकेत वेगळ्या आहेत. थांबवणं एका हप्त्यापुरतं असू शकतं आणि पुढच्या महिन्यात तोच मँडेट पुन्हा उठून बसतो. नॅचच्या फॉर्मवर नवीन, बदल आणि रद्द अशा तीन चौकटी असतात. बँकेनं फॉर्मच मागितला तर रद्दच्या चौकटीत खूण करा. पोचेवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही, तिन्ही घ्या. नुसता गोल शिक्का असला आणि तारीख नसली तर पुढे त्या कागदाला किंमत राहत नाही.

हप्ता कटू नये म्हणून ५ तारखेच्या आधी खातं रिकामं करून ठेवायचं, हा उपाय इतवारीत बरेच लोक एकमेकांना सांगतात. कृपा करून करू नका. मागणी परत गेली की तुमची बँक रिटर्न चार्ज लावते, कंपनीकडे बाऊन्सची नोंद होते आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ मध्ये पुरेशा पैशाअभावी इलेक्ट्रॉनिक मागणी परत जाण्याला चेक बाऊन्ससारखाच गुन्हा मानलं आहे. कर्जच नसल्यामुळे खटला टिकणार नाही. पण नोटिशीला उत्तर द्यायला वकील लागेल, आणि त्याची फी १८,६४० पेक्षा जास्त असेल.

५ जुलै: चौथ्यांदा

तरीही ५ जुलैला हप्ता कटला. शनिवार होता, दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. या वेळी दुकानात नुसता संताप नव्हता, नुकसानही होतं. ४ जुलैला खात्यात ५१,३०० रुपये होते. मिरचीच्या मालाचा ४२,५०० चा चेक गुंटूरच्या पार्टीला दिलेला होता. हप्ता गेल्यावर ३२,६६० उरले. सोमवारी ७ तारखेला चेक लागला, ९,८४० रुपये कमी पडले आणि तो परत गेला. बँकेनं वर चेक परतीचे ५०० आणि जीएसटी ९०, असे ५९० रुपये कापले.

पण या वेळी आपली बाजू बळकट होती. रद्द केलेला यूएमआरएन आणि पैसे गेले तो यूएमआरएन एकच होता, हे आधी पडताळून घेतलं. मगच पत्र लिहिलं. पत्र मराठीतच दिलं. इंग्रजीतच हवं, असं शाखेत कोणी म्हटलं नाही. नमुना देतो, क्रमांक अर्थातच काढून टाकले आहेत.

---

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँक व शाखा), नागपूर

दिनांक: ७ जुलै २०२५

विषय: रद्द केलेल्या नॅच मँडेटवर चालू खात्यातून नावे पडलेली रक्कम रु. १८,६४० परत जमा करण्याबाबत

महोदय,

आमच्या फर्मचे चालू खाते क्र. (पूर्ण क्रमांक) आपल्या शाखेत आहे. या खात्यावरील मँडेट, यूएमआरएन (वीस अंकी क्रमांक), कायमचा रद्द करण्याचा अर्ज आम्ही दि. ९ जून २०२५ रोजी दिला असून आपल्या शाखेची पोच सोबत जोडली आहे. संबंधित कर्ज दि. २१ मार्च २०२५ रोजी पूर्ण फेडलेले आहे.

असे असूनही दि. ५ जुलै २०२५ रोजी याच यूएमआरएनवर, संदर्भ क्र. (स्टेटमेंटमधील क्रमांक) नुसार रु. १८,६४० आमच्या खात्यातून नावे टाकण्यात आले.

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, मँडेट रद्द केल्यानंतर पडलेल्या नावे रकमेची जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची असून निवारण टी+१ दिवसात होणे आवश्यक आहे. ही मुदत दि. ६ जुलै २०२५ रोजी संपली आहे. म्हणून विनंती की,

रु. १८,६४० आमच्या खात्यात ५ जुलै २०२५ च्या मूल्य दिनांकाने जमा करावेत;

या नावे रकमेमुळेच दि. ७ जुलै रोजी रु. ४२,५०० चा चेक क्र. (क्रमांक) परत गेला. ४ जुलैची शिल्लक रु. ५१,३०० होती, म्हणजे ही रक्कम गेली नसती तर चेक वटला असता. त्यामुळे चेक परतीचे शुल्क जीएसटीसह रु. ५९० परत करावे;

दि. ६ जुलैनंतर रक्कम जमा होईपर्यंत प्रतिदिन रु. १०० प्रमाणे भरपाई जमा करावी;

आणि सदर मँडेट रद्द झाल्याचे, रद्द झाल्याच्या तारखेसह, लेखी कळवावे.

कंपनीकडूनही हीच रक्कम आम्हाला मिळाल्यास ती आम्ही तत्काळ परत करू. या अर्जाचा तक्रार क्रमांक द्यावा. ३० दिवसांत, म्हणजे दि. ६ ऑगस्ट २०२५ पर्यंत, निवारण न झाल्यास आम्हाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे लागेल.

आपला विश्वासू,
(फर्मच्या शिक्क्यासह मालकाची सही)

सोबत: ९ जूनच्या अर्जाची पोच, १ ते ७ जुलैचे स्टेटमेंट, नो ड्यूज, चेक परतीचा मेमो.

---

या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम आहेत. त्यात दोन मुदती आहेत आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. टी+१ ही पैसे परत करण्याची मुदत, आणि ती पत्र लिहिण्याच्या आदल्याच दिवशी संपली होती. ३० दिवस ही लोकपालाकडे जाण्याआधी थांबण्याची मुदत. पुष्कळ लोक बँकेला पत्रात स्वतःच लिहून देतात, "३० दिवसांत परत करावे", आणि एका दिवसाच्या हक्काचा महिना करून टाकतात.

चेक परतीचं शुल्क मागताना आदल्या दिवसाची शिल्लक लिहिली, तिचं कारण साधं आहे. शाखा व्यवस्थापकाला शुल्क परत करायचं असलं तरी त्याला वर कारण दाखवावं लागतं. आकडेमोड तुम्हीच करून दिली तर तो ती पुढे ढकलू शकतो. शिल्लक आधीच कमी असती आणि चेक तसाही परत गेला असता, तर ही मागणी मी पत्रात घातली नसती. एक कच्चा मुद्दा घातला की बाकीच्या पक्क्या मुद्द्यांवरही शंका घेतली जाते.

मूल्य दिनांक म्हणजे व्याजासाठी रक्कम ज्या तारखेची धरतात ती तारीख. हे वाक्य चालू खात्याला फारसं लागत नाही, कारण तिथे व्याज नाही. पण कॅश क्रेडिट खातं असेल तर ते वाक्य विसरू नका. रक्कम दहा दिवसांनी त्या दिवसाच्या तारखेनं जमा झाली तर मधल्या दहा दिवसांचं व्याज तुमच्याच डोक्यावर बसतं.

सही मालकाची घेतली. भागीदारी फर्म असेल तर खातं चालवण्याचा अधिकार ज्याला आहे त्याचीच सही लागते. मुनीमजींनी किंवा मी सही केली असती तर अर्ज आठ दिवस त्याच कारणानं पडून राहिला असता.

शाखेत काय झालं

पत्र घेऊन आम्ही दोघंही गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पहिल्यांदा तेच सांगितलं, "कंपनीशी बोला." मी ९ जूनची पोच समोर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, हा अर्ज सिस्टिममध्ये कोणत्या तारखेला चढला, तेवढं पाहून सांगता का?" त्यांनी पाहिलं. मग आत जाऊन व्यवस्थापकांना बोलावलं. अर्ज शाखेच्या फाइलमध्ये होता, पण नॅचचं काम जिथून होतं त्या केंद्रीय विभागाकडे तो पाठवलाच नव्हता. मँडेट पडद्यावर अजूनही चालूच दिसत होता.

हा प्रश्न लक्षात ठेवा. "तुम्ही का कापले?" असं विचारलं की वाद सुरू होतो. "अर्ज कधी चढला?" असं विचारलं की उत्तर पडद्यावर असतं. पोच म्हणजे शाखेनं कागद घेतला, एवढंच. खरं तर ९ जूननंतर आठवडाभरात आम्हीच पुन्हा जाऊन मँडेट रद्द झाल्याची प्रिंट घ्यायला हवी होती. ती माझी चूक, आणि शेठजींनी ती मला दोन-चारदा आठवणही करून दिली.

पत्र दिल्याच्याच दिवशी तेच पत्र बँकेच्या संकेतस्थळावरच्या तक्रार कक्षात टाकलं, त्याचा क्रमांक घेतला, आणि बँकेतल्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल केलं. नोडल अधिकाऱ्याचा पत्ता शाखेच्या सूचना फलकावर असतो. शाखेतली फाइल हलायला वरून फोन यावा लागतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

१६ जुलैला १८,६४० जमा झाले. त्याच दिवशी ५९० ही आले. भरपाईचे ९०० आले. माझ्या हिशेबानं ७ ते १६ जुलै असे दहा दिवस, म्हणजे १,००० व्हायला हवे होते. बँकेनं जमा झालेला दिवस धरला नाही. शेठजी म्हणाले, "शंभर रुपयांसाठी मी परत रिक्षानं जाऊ का?" तिथे विषय संपला. पण एक खरं आहे: ही भरपाई ग्राहकानं न मागता बँकेनं स्वतःहून द्यायची, असं परिपत्रकात लिहिलेलं असलं तरी मी अजून एकदाही न मागता आलेली पाहिलेली नाही.

२२ जुलैला कंपनीकडूनही १८,६४० आले. जूनच्या तक्रारीवरून त्यांनी यादी तपासली असावी. पत्रात आधीच लिहिलं होतं, त्यामुळे बँकेला कळवून ते परत केले. अशी दुहेरी जमा मुकाट्यानं ठेवून घेतली, तर पुढे बँक ती एक दिवस न विचारता परत ओढून घेते, आणि तेव्हा पुन्हा एखादा चेक आडवा येतो.

बँकेनं दाद दिली नसती तर

६ ऑगस्टनंतर cms.rbi.org.in वर तक्रार टाकली असती. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झाली. बँक आणि फायनान्स कंपन्या, दोन्हींसाठी दार एकच झालं. त्यासाठी सिव्हिल लाइन्समधल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत जावं लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेला आधी लेखी तक्रार केलेली असली पाहिजे आणि ३० दिवस उत्तर आलेलं नसलं पाहिजे, किंवा आलेलं उत्तर समाधानकारक नसलं पाहिजे. ही अट पूर्ण नसेल तर तक्रार तिथल्या तिथे परत येते. म्हणून तोंडी भांडणात गेलेले आठवडे मोजले जात नाहीत. लेखी तक्रारीची तारीख हीच शून्य तारीख.

आता वहीतलं

एप्रिलचा हप्ता वही लिहिणाऱ्यांच्या लक्षात कसा आला नाही, हेही सांगायला हवं, कारण त्याचं कारण आमच्याच वहीत होतं. शेठजींना तो कळला तो मोबाइलवरच्या मेसेजवरून. वही मात्र गप्प होती. टॅलीत दर महिन्याला ५ तारखेची नोंद मुनीमजी सवयीनं कर्जाच्या खात्यात टाकत होते. कर्ज मार्चमध्येच शून्य झालं होतं. एप्रिलनंतर ते कर्जाचं खातं नावे बाजूला १८,६४० दाखवू लागलं. कर्जाच्या खात्याला नावे शिल्लक म्हणजे आपणच सावकाराला पैसे दिले आहेत. हे दिसलं की समजा, कुठेतरी हप्ता फुकटचा जातो आहे. परत आलेली रक्कम पुन्हा त्याच खात्यात जमा झाली, खातं शून्यावर आलं, आणि मे महिन्यापर्यंत सगळं ठीक वाटत राहिलं.

आता मी अशी रक्कम "बँकेकडून येणे" या वेगळ्या खात्यात टाकतो. ती परत येईपर्यंत ते खातं ताळेबंदात डोळ्यात खुपत राहतं, विसरता येत नाही. भरपाईचे ९०० इतर उत्पन्नात. परत आलेल्या ५९० मधले ९० जीएसटी आधी इनपुट क्रेडिटमध्ये घेतले असतील तर तेही उलटवावे लागतात. रक्कम छोटी आहे, पण जुळणी करताना त्या ९० रुपयांवरून अर्धा दिवस जातो.

१८ जुलैला आम्ही मँडेटची यादी पुन्हा छापून घेतली. दोन्ही यूएमआरएनसमोर रद्द लिहिलेलं होतं, तारखेसह. ती प्रिंट नो ड्यूजच्या पाठीमागे टाचून ठेवली आहे. ५ ऑगस्टला शेठजींनी सकाळी साडेसातला मला फोन केला. "भाऊ, मेसेज नाही आला नं आज."